वर्गांचे रंग इतके फिके का? घरी रंग देताना या चुका टाळा

सर्व पालकांस नमस्कार,

सुट्टीत वर्ग रंगवून घेतले. "रंग उडाल्यासारखा का दिसतो?", "कार्टून का नाहीत?" अशी विचारणा होते आहे. उत्तर देताना काही चुकाही सांगतो, कारण मुलांची खोली रंगवताना त्या घरोघरी होतात.

पहिली आणि सर्वांत महागडी चूक म्हणजे शेडकार्डावर बोट ठेवून रंग ठरवणे. एका शाळेत बालवर्गासाठी कार्डावरचा फिका पीच पसंत केला. चारही भिंतींवर दोन हात बसले आणि खोली चक्क नारिंगी झाली, दुपारी वहीचं पानसुद्धा तांबूस दिसायचं. पेंटरची यात चूक नव्हती. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग टाकतात, त्यामुळे बोटभर चौकोनातला रंग खोलीभर लावला की जास्त गडद भासतो. अखेर सगळं पुन्हा रंगवावं लागलं. म्हणून कार्डावर आवडेल त्याच्या दोन पायऱ्या फिकी छटा घ्या. खिडकीची भिंत आणि तिच्या समोरची भिंत, अशा दोन्हींवर तीन बाय तीन फुटांचा तुकडा दोन हात मारून पूर्ण वाळू द्या. मग तो सकाळी, दुपारी आणि ट्यूब लावून पाहा. "आजच डबा आणायचाय" म्हणणाऱ्यांनी निदान एक दिवस दम धरावा!

दुसरी चूक, सगळ्या खोल्यांना एकच रंग. उत्तरेच्या वर्गांत थेट ऊन जवळजवळ येत नाही, आभाळाचा निळसर उजेड येतो. तिथे फिका निळा राखाडी दिसतो, म्हणून क्रीम दिला. पश्चिमेच्या वर्गांत दुपारी पिवळं ऊन आत येतं, तिथे फिका हिरवा. मात्र खिडकीला लागून झाड असेल तर पानांचाही हिरवा उजेड आत येतो आणि मुलांचे चेहरे आजारी वाटतात. त्या वर्गांनाही क्रीमच दिला.

खिडकीची भिंत सर्वांत फिकी ठेवली, म्हणजे बाहेरच्या झगझगीत उजेडाशी तिचा विरोध कमी होतो. फळ्याची भिंत एक छटा गडद आणि मॅट आहे. तिथे चकचकीत रंग दिला तर खिडकीचं प्रतिबिंब थेट मुलांच्या डोळ्यांवर येतं.

"हिरव्याने एकाग्रता वाढते" वगैरेवर विसंबून आम्ही काही निवडलेलं नाही.

कार्टूनची चित्रं फळ्याच्या भिंतीवर नकोत. मागच्या भिंतीवर मुलांचीच चित्रं लागतील.

चुन्यावर थेट प्लॅस्टिक पेंट नको, पापुद्रे सुटतात. आधी चुना खरवडा, मग प्रायमर.

आणि जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि ते धुळीतून पोटात जातं. पाणी मारून घासा, धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि काम संपेपर्यंत मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका.

मुख्याध्यापक