अननसाने जीभ का चरचरते? सहा कप जिलेटिनमध्ये स्वतः पाहा

अननसाच्या चार-सहा फोडी खाल्ल्या की जीभ चरचरायला लागते, ओठांच्या कडा हुळहुळतात. बहुतेकांना वाटतं की हा आंबटपणाचा परिणाम आहे. पण अननसाहून कितीतरी आंबट असलेल्या लिंबाने जीभ अशी सोलवटल्यासारखी होत नाही. खरं कारण म्हणजे अननसातलं ब्रोमेलेन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम. कच्च्या पपईच्या चिकात त्याचं जवळचं भावंड असतं, पपेन. दोघांची कामाची पद्धत एकच आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, आणि ही एन्झाइमं पाण्याच्या रेणूच्या मदतीने तिचे दुवे मधूनच कापतात.

हे कापणं डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचा परिणाम दाखवणारा एक सोपा पदार्थ आहे: जिलेटिन. ते निव्वळ प्रथिन असतं. कोमट पाण्यात त्याच्या साखळ्या सुट्या असतात आणि थंड झाल्यावर एकमेकींत गुंतून जाळं विणतात, म्हणून जेली थरथरत उभी राहते. साखळ्यांचे तुकडे झाले असतील तर जाळं विणायला पुरेशी लांबीच उरत नाही. मग रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तरी कपात पाणीच राहतं.

जिलेटिन तयार करणे

15 ग्रॅम साधं, बिनस्वादाचं जिलेटिन 100 मिलि थंड पाण्यावर भुरभुरवा आणि दहा मिनिटं फुगू द्या. त्यात 400 मिलि गरम, पण उकळतं नसलेलं पाणी घालून दाणे पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. आता थांबा. मिश्रण हाताला जेमतेम कोमट लागेपर्यंत, म्हणजे 40 अंश सेल्सिअसच्या खाली येईपर्यंत, त्यात काहीही घालू नका. पहिल्यांदा मी घाईने गरम जिलेटिनमध्येच अननसाचा रस ओतला होता आणि जेली छान घट्ट बसली. तेव्हा प्रयोग खोटा वाटला होता, पण एन्झाइम मीच उष्णतेने मारलं होतं.

अगर-अगर वापरू नका. तो कर्बोदक आहे, त्यात प्रथिन नाही, त्यामुळे ही एन्झाइमं त्याला हातही लावत नाहीत.

सहा कप

प्रत्येक कपात 75 मिलि कोमट जिलेटिन घ्या आणि पुढीलपैकी एकेक गोष्ट मिसळा. सगळीकडे एकच मोठा चमचा, म्हणजे 15 मिलि, घालायचा, म्हणजे जिलेटिन सगळ्यांत सारखंच पातळ होईल.

1. साधं पाणी
2. लिंबाचा रस, एक छोटा चमचा, उरलेलं पाणी
3. ताज्या अननसाचा गाळलेला रस
4. तोच रस, पाच मिनिटं खळखळून उकळून थंड केलेला
5. कच्च्या हिरव्या पपईचा, सालीसकट किसून पिळलेला रस
6. पूर्ण पिकलेल्या पपईचा गर, घोटून

चौथ्या कपासाठी रस उकळताना जेवढा आटेल तेवढं पाणी पुन्हा घाला. कच्ची पपई हाताळताना हातमोजे घाला. तिचा पांढरा चीक त्वचेला खाज आणतो, डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. हा चीक सालीत आणि तिच्या लगेच खालच्या भागात असतो, म्हणूनच साल काढायची नाही.

कप वीस मिनिटं बाहेरच राहू द्या, मग चार तास फ्रिजमध्ये ठेवा.

कप तिरका करून वाचणे

पहिला आणि दुसरा कप घट्ट बसतो. दुसरा महत्त्वाचा आहे. तो बसला म्हणजे आंबटपणाने जेली मोडत नाही हे कळलं. तिसरा पाण्यासारखा वाहतो आणि चौथा बसतो. रस तोच, आम्ल तेच, साखर तीच, फरक फक्त उष्णतेचा. उकळल्यावर एन्झाइमची घडी उलगडते, आणि घडी मोडली की धार गेली. एन्झाइम स्वतःही प्रथिनच आहे.

पाचवा वाहतो. सहावा मात्र बसतो, किंवा फार तर मऊसर राहतो. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट इथे दिसते. पपईच्या झाडासाठी पपेन हे हत्यार आहे. अळीने फळ कुरतडलं की चीक बाहेर येतो, आणि त्यात निष्क्रिय रूपात साठवलेलं पपेन जखम झाल्यावर जागं होतं. फळ पिकताना चीक आटत जातो, म्हणून पिकलेली पपई जिभेला मऊ लागते. अननस मात्र पिकल्यावरही ब्रोमेलेन राखून असतो. झाडाच्या खोडात आणि फळाच्या मधल्या कडक दांड्यात ते विशेष असतं.

चौथा कपही वाहिला तर रस नीट उकळला नव्हता. तिसरा बसला तर रस बहुधा डबाबंद होता. डब्यात भरताना फळ तापवलं जातं, त्यामुळे एन्झाइम आधीच गेलेलं असतं. पहिलाच बसला नाही तर जिलेटिन कमी पडलं किंवा फार उकळलं, आणि मग बाकीचे कप काहीच सांगत नाहीत.

हेच तोंडात कसं घडतं

जिभेवर आणि गालांच्या आत लाळेचा बुळबुळीत थर असतो. तो बुळबुळीतपणा म्युसिन नावाच्या प्रथिनांमुळे येतो. ब्रोमेलेन तो थर आणि त्याखालच्या वरवरच्या पेशींना एकमेकींशी बांधणारी प्रथिनं कापू लागतं. शिवाय अननसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते टोचतात आणि त्या बारीक छिद्रांतून एन्झाइम आत शिरतं. मग उघड्या पडलेल्या जागी आम्ल झोंबतं. सुई, कात्री आणि आम्ल यांचं हे एकत्र काम आहे.

जखम उथळ असते. तोंडाच्या अस्तराच्या पेशी वेगाने नव्या होतात, त्यामुळे चरचर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत जाते. पण ओठ किंवा घसा सुजला, अंगावर पित्त उठलं, श्वास जड झाला तर ती चरचर नसून अ‍ॅलर्जी आहे, आणि लगेच डॉक्टर गाठायला हवा. रबराच्या लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असलेल्यांना पपई आणि अननसाचाही त्रास होऊ शकतो, त्यांनी हा प्रयोग करू नये.

चरचर कमी करायची असेल तर

मधला दांडा काढून टाका. फोडी पातळ करा आणि तव्यावर आतपर्यंत वाफ येईस्तोवर गरम करा. नुसते वरून डाग पडून उपयोग नाही, मधला भाग कच्चा राहिला तर एन्झाइमही राहतं. गोठवूनही काम होत नाही. थंडीत ते फक्त मंदावतं आणि तोंडाच्या उबेत पुन्हा कापायला लागतं. पपेन तर उष्णतेलाही चिवट आहे. 60 ते 65 अंशांपर्यंत ते उलट जास्त जोरात काम करतं, म्हणून कच्ची पपई नुसती कोमट करून चालत नाही, शिजवावी लागते.

तुमची फोड पुरेशी तापली का, हे सातव्या कपात कळेल. गरम केलेली फोड थंड करून पिळा, तिचा एक मोठा चमचा रस नव्याने बनवलेल्या 75 मिलि कोमट जिलेटिनमध्ये घाला आणि कप फ्रिजमध्ये ठेवा. जेली बसली तर कात्री बोथट झाली आहे. तरीही थोडं टोचलं, तर ते उरलेल्या सुयांचं आणि आम्लाचं काम.