आर्मिनियसला पेलागियसच्या रांगेत बसवण्याआधी

ईश्वरविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या मोठ्या निबंधात, माणसाचं तारण कशानं होतं या प्रश्नावर, मी एक आडवी रेघ काढली होती. एका टोकाला 'सगळं कृपेनं', दुसऱ्या टोकाला 'सगळं कर्मांनी'. कृपेच्या टोकाला ऑगस्टीन, ल्यूथर आणि कॅल्विन, कर्मांच्या टोकाला माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो म्हणणारा पेलागियस, आणि मधल्या जागेत कॅथलिक शिकवण व डच धर्मपंडित आर्मिनियस दाटीवाटीनं बसवलेले. ही रेघ मला इतकी पटली होती की अख्खा निबंध तिच्यावरच उभा केला. परत आला तेव्हा पहिल्याच पानाच्या समासात सरांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'चौथं कलम वाचलंस का?' बाकी एकही शेरा नव्हता.

मी वाचलं नव्हतं. आर्मिनियसबद्दल जे काही लिहिलं होतं ते सगळं त्याच्या विरोधकांच्या पुस्तकांतून उचललेलं होतं.

ते कलम 1610 च्या पाच कलमी निवेदनातलं. आर्मिनियस 1609 मध्ये वारला होता. निवेदन त्याच्या अनुयायांनी मांडलं. (त्यामुळे 'आर्मिनियसनं पाच कलमं लिहिली' असं लिहू नका, तिथेही गुण जातात.) चौथं कलम म्हणतं की जे जे चांगलं आहे त्याची सुरुवात, त्याचं टिकून राहणं आणि त्याची पूर्तता, तिन्ही कृपेचीच. कृपा आधी आल्याशिवाय माणूस चांगल्याचा विचारसुद्धा करू शकत नाही. एवढं म्हटल्यावर शेवटी एक गोष्ट जोडलेली आहे: ही कृपा माणसाला नाकारता येते. पेलागियसला यातली पहिली दोन वाक्यंही मान्य झाली नसती. मी मात्र दोघांना शेजारी बसवलं होतं.

चूक माहितीची कमी आणि रेघेची जास्त होती. तिथे मी अडकलो, म्हणून ते सावकाश सांगतो.

त्या एका रेघेत दोन वेगळे प्रश्न कोंबलेले असतात. पहिला, देव पाप्याला नीतिमान ठरवतो तो कशाच्या आधारावर: केवळ विश्वासानं, की त्यात प्रीतीचा आणि कर्मांचाही वाटा आहे? ल्यूथर आणि रोम यांच्यातला वाद हा. दुसरा, कृपा माणसापर्यंत आल्यावर त्याला नाही म्हणता येतं का, आणि देवानं ज्यांना निवडलं त्यांना कशावरून निवडलं? त्या निवेदनाला उत्तर देणाऱ्या, 1618–19 च्या डॉर्टच्या कॅल्विनवादी सभेतला वाद हा. एका प्रश्नाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर ओळखता येत नाही.

थॉमस अक्वायनस घ्या. देवानं माणसाचे पुढचे गुण आधीच पाहून त्याला नेमलं, हे तो साफ नाकारतो. दुसऱ्या प्रश्नावर तो कॅल्विनच्या बराच जवळ आहे. पण कृपेत असलेल्या माणसाच्या कर्मांना पुण्य लाभतं, हेही तोच अक्वायनस शिकवतो. आता ल्यूथरन परंपरा घ्या. नीतिमान ठरण्यात कर्मांना तिथे जागाच नाही. तरी 1577 चा त्यांचा एकमताचा मसुदा सांगतो की देवाची निवड तारणासाठीच आहे, नाशासाठी नाही, आणि जे नाश पावतात ते कृपेला विरोध केल्यामुळे. हे दोघे तुमच्या रेघेवर कुठे बसवाल? मी दोन दिवस प्रयत्न केला आणि शेवटी रेघ खोडली.

ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेच्या बाबतीत तर स्पष्टच सांगतो: 'कॅथलिक म्हणतात कर्मांनी तारण मिळतं' हे वाक्य लिहिलंत तर परीक्षक पुढचं वाचताना तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. 1547 च्या निर्णयातलं पहिलंच निषेधकलम, देवाच्या कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो असं म्हणणाऱ्याविरुद्ध आहे. आठव्या अध्यायात तर नीतिमान ठरण्याच्या आधीचं काहीही, विश्वास असो की कर्म, ती कृपा कमावू शकत नाही असं म्हटलं आहे. पुण्याचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. प्रॉटेस्टंट आक्षेप तिथे नेऊन ठेवा, मग तो खरोखर लागतो.

कॅल्विनवादाचे पाच मुद्दे सांगणाऱ्या 'ट्यूलिप'च्या पाच अक्षरांवर अभ्यास करू नका, हे माझं ठाम मत आहे. ती नंतरची इंग्रजी आठवण-युक्ती आहे. डॉर्टचे निर्णय निवडीपासून सुरू होतात आणि तिसरा व चौथा मुद्दा एकत्र घेतात, कारण ते त्या निवेदनाला कलमवार उत्तर देत होते. अक्षरं पाठ केलीत की प्रश्न काय होता तेच हरवतं.

वचनांचंही तसंच. इफिसकरांस पत्रातलं 2:8 दोन्ही बाजू फेकतात: 'कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे', आणि 'हे देवाचे दान आहे'. यातलं 'हे' म्हणजे काय? विश्वासच दान आहे, असं मी बेधडक लिहिलं होतं. ग्रीकमध्ये 'विश्वास' आणि 'कृपा' दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत आणि 'हे' नपुंसकलिंगी, म्हणून ते सहसा आधीच्या सगळ्या विधानाला, म्हणजे तारण होण्याच्या पूर्ण गोष्टीला लावतात. आपल्याला हे पटकन कळायला हवं होतं: मराठीतही 'विश्वास' पुल्लिंगी, 'कृपा' स्त्रीलिंगी, आणि 'हे' यांपैकी कोणाशीच जुळत नाही. खुद्द कॅल्विननं या वचनावर लिहिताना दान म्हणजे विश्वास नव्हे, तर तारण, असा अर्थ घेतला आहे. विश्वास देवाकडून मिळतो असं दाखवायचं असेल तर फिलिप्पैकरांस 1:29 कडे जा, तिथे विश्वास ठेवणंच दिलेलं आहे असं म्हटलं आहे.

मग कॅल्विनवादी आणि आर्मिनियन यांच्यात खरा वाद उरतो कुठे? दोन माणसं एकच संदेश ऐकतात, दोघांवर कृपा होते. एक विश्वास ठेवतो, दुसरा पाठ फिरवतो. फरक कोणी केला? फरक माणसानं केला म्हणाल, तर पहिल्याला अभिमान बाळगायला जागा मिळते. 'तुला वेगळेपण कोणी दिले?' हा 1 करिंथ 4:7 चा प्रश्न ऑगस्टीन पुनःपुन्हा विचारतो. फरक देवानं केला म्हणाल, तर दुसऱ्याला तो का दिला नाही, याचं उत्तर द्यावं लागतं. आर्मिनियसचं म्हणणं असं की भिकाऱ्यानं दान घ्यायला हात पुढे केला म्हणून ते दान निर्मळ राहत नाही असं नाही. यावर समोरचा विचारतो, हात पुढे करायची इच्छा तरी कुठून आली? निबंध इथपर्यंत आणा. दोन्ही बाजूंची सर्वांत अडचणीची जागा इथेच आहे, आणि ती प्रत्येकाच्या स्वतःच्या शब्दांत दाखवलीत की अर्धं काम झालं.

आणि निकाल लावता येत नाही म्हणून रात्र रात्र जागू नका. मी जागलो, प्रार्थनेतसुद्धा हाच प्रश्न घोळत असे आणि आपण निवडलेल्यांत आहोत का या भीतीनं पुस्तक उघडवत नसे. कॅथलिकांच्या घरातही डोमिनिकन आणि जेझुइट याच दुसऱ्या प्रश्नावर वर्षानुवर्षं भांडले, रोममध्ये सुनावण्यांवर सुनावण्या झाल्या. 1607 मध्ये पोप पाचवे पॉल यांनी दोन्ही पक्षांना आपापलं मत शिकवू दिलं, एकमेकांना पाखंडी म्हणायला बंदी केली आणि निर्णय योग्य वेळी देऊ असं सांगितलं. तो निर्णय आजवर आलेला नाही.