प्रश्नांचा क्रम तपासायचा असेल तर आधी गठ्ठा मिसळा

प्रश्नांचा क्रम बदलला की उत्तरं बदलतात का, हे पाहायचं असेल तर एकच प्रश्नावली दोन क्रमांत छापायची आणि निम्म्या लोकांना एक, निम्म्यांना दुसरी द्यायची. काम एवढंच. गेल्या डिसेंबरात मी ते नाशकात केलं आणि भरून आलेले चारशे फॉर्म बाजूला ठेवावे लागले. आता पुन्हा तेच करायचं आहे, म्हणून तयारी आधी लिहून काढते आहे. पेन, पॅड, ओळखपत्र, पाण्याची बाटली हे कुणाला सांगावं लागत नाही, ते सोडून देते.

आधी मागच्या वेळी काय झालं ते सांगते. छपाईवाल्याने दोन गठ्ठे बांधून दिले, २०० फॉर्म अ चे आणि २०० ब चे. सकाळी घाई होती. गंगापूर रोडला निघालेल्या जोडीच्या हातात मी एक गठ्ठा दिला आणि सिडकोला निघालेल्या जोडीच्या हातात दुसरा. संध्याकाळी फॉर्म परत आले तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही. आकडे काढले तेव्हा अ मध्ये ६१ टक्के लोक आपल्या भागातल्या राहणीबद्दल समाधानी निघाले आणि ब मध्ये ४४ टक्के. १७ टक्क्यांचा फरक पाहून मला आनंदच झाला. मग एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, पण अ सगळे गंगापूर रोडचेच आहेत ना?" हा फरक क्रमाचा होता, वस्तीचा होता की विचारणाऱ्यांच्या बोलण्याचा, हे त्या चारशे कागदांवरून आता कुणालाही सांगता येणार नाही. गणिताने ते सुटत नाही. १७ टक्के योगायोगाने आलेले नाहीत एवढंच गणित सांगतं, ते कशामुळे आले ते सांगत नाही.

म्हणून पहिली आणि शेवटची गोष्ट: गठ्ठा मिसळा. एकेका विचारणाऱ्याच्या हातात अ आणि ब दोन्ही, निम्मे-निम्मे, मिसळलेले असले पाहिजेत. एकेका वस्तीतही तसेच.

आता प्रश्नांकडे. क्रम फक्त एका जोडीचा बदला. आमची जोडी अशी आहे. एक सर्वसाधारण प्रश्न: "एकंदरीत या भागात राहण्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?" आणि एक नेमका: "नळाला येणाऱ्या पाण्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?" अ मध्ये राहणीचा आधी, ब मध्ये पाण्याचा आधी. बाकी सगळे प्रश्न, त्यांचे शब्द, उत्तरांचे पर्याय, अक्षरांचा आकार, पान कुठे उलटतं तेसुद्धा दोन्हींत सारखं. चार-पाच प्रश्न एकदम हलवण्याचा मोह होतो. तो आवरा, नाहीतर फरक दिसला तरी तो कोणत्या प्रश्नामुळे आला हे कळणार नाही. जोडी शक्यतो सुरुवातीलाच ठेवा. आधी रस्ते, कचरा, दिवे विचारून झाले असतील तर राहणीच्या प्रश्नाला दोन्ही आवृत्त्यांत आधीच रंग चढलेला असतो.

फरक कोणत्या बाजूला पडेल हे आधी ठरवून बसू नका, कारण दोन्ही बाजूंना पडू शकतो. पाण्याबद्दल नुकतंच बोललेल्या माणसाच्या मनात पाणीच ताजं असतं. त्यामुळे एकंदर राहणीचं उत्तर पाण्याकडे ओढलं जातं. स्ट्रॅक, मार्टिन आणि श्वार्त्झ यांचा १९८८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच धर्तीचा आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना आयुष्यात किती आनंदी आहात आणि डेटिंगला किती वेळा जाता, असे दोन प्रश्न विचारले. आनंदाचा प्रश्न आधी असताना दोन उत्तरांत जवळजवळ संबंध नव्हता, सहसंबंध उणे ०.१२. डेटिंगचा आधी विचारला तेव्हा तोच सहसंबंध ०.६६ झाला. म्हणून नुसती टक्केवारी पाहू नका, दोन उत्तरांचा आपसातला संबंध अ मध्ये किती आणि ब मध्ये किती तेही पाहा. कधीकधी टक्केवारी हलत नाही आणि संबंध मात्र हलतो. पाण्यावर खूश असलेले वर सरकतात, नाराज असलेले खाली सरकतात आणि सरासरी जागच्या जागी राहते.

दुसरी बाजू अशी. माणसाला वाटलं की पाण्याचं तर आत्ताच सांगितलं, आता बाकीचं विचारताहेत, तर तो पाणी वगळून उत्तर देतो. हे एका वाक्याने होऊ शकतं. तालमीत आमच्यातली एक मुलगी दारातल्या काकूंना म्हणाली, "काकू, आता दोन गोष्टी विचारते हं, एक पाण्याचं आणि एक एकंदर राहण्याचं." तिच्या मनात आपुलकीच होती. पण त्या वाक्याने दोन प्रश्न एका जोडीत बांधले गेले आणि काकूंनी एकंदरीतून पाणी काढून टाकलं. त्या बोलूनही दाखवत होत्या, "पाणी सोडलं तर बाकी झकास आहे." असं जोडवाक्य फॉर्मवर नको आणि तोंडीही नको. प्रश्न छापला आहे तसाच वाचायचा. हे मुलांना एकदा सांगून भागत नाही, समोर बसवून वाचून घ्या.

फॉर्म लोकांच्या हातात भरायला देऊ नका. हातात कागद आला की माणूस पुढचं वाचतो, मागे जाऊन उत्तर खोडतो, आणि क्रमाचा परिणाम बोथट होतो. विचारणाऱ्याने वाचायचं, त्यानेच लिहायचं. शेजारचं कुणी ओट्यावर बसून ऐकत असेल तर त्याला त्या दिवशी विचारू नका, एका घरात एकच फॉर्म.

संख्या. दोन्हीकडे २०० असतील आणि उत्तर ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर फरकाची चूकमर्यादा अधिक-उणे १० टक्के येते. म्हणजे ६ टक्के फरक दिसला तर त्यावरून काही म्हणता येणार नाही. १० टक्क्यांचा खरा फरक पाचपैकी चार वेळा हाती लागायचा असेल तर प्रत्येक बाजूला साधारण ३९० लोक लागतात. या वेळी आम्ही ८०० करतो आहोत, ४००-४००. घर-घर गाठायला वेळ जातो हे मला मान्य आहे. पण २०० वर थांबून "परिणाम नाही" असं लिहिणं चुकीचं आहे. परिणाम नाही आणि आम्हाला दिसला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता गठ्ठा, पुन्हा. पत्त्यांसारखे पिसून चालणार नाही, ८०० कागद हाताने नीट मिसळत नाहीत. एक शीट घ्या, ८०० ओळी. पहिल्या रकान्यात गट क्रमांक, दर दहा ओळींना एकच. दुसऱ्यात त्या दहांपैकी पाच अ, पाच ब. तिसऱ्यात

```
=RAND()
```

तो रकाना कॉपी करून त्याच जागी फक्त आकडे म्हणून पेस्ट करा, नाहीतर शीटला हात लागला की आकडे बदलत राहतात. मग आधी गटाप्रमाणे, मग या रकान्याप्रमाणे क्रम लावा आणि वरपासून १ ते ८०० अनुक्रमांक टाका. त्या यादीप्रमाणे फॉर्म एकावर एक रचायचे आणि प्रत्येकावर अनुक्रमांक लिहायचा. ज्याला पन्नास द्यायचे त्याला १ ते ५०, पुढच्याला ५१ ते १००. असं केलं की प्रत्येकाच्या पिशवीत आपोआप २५ अ आणि २५ ब जातात, तो पंचवटीला जावो नाहीतर नाशिकरोडला. एक अ, एक ब असं आलटून पालटूनही देऊ नका. पुढचा कोणता ते मुलांना पाठ होतं आणि मग दार पाहून फॉर्म निवडला जातो.

छपाईवाल्याला आवृत्तीचं अक्षर प्रत्येक पानावर टाकायला सांगा, फक्त पहिल्यावर नको, पिन निघते. आणि त्याच्याकडून गठ्ठे वेगळे बांधून येणारच आहेत. ते तसेच पिशवीत घालू नका. घरी आणा, सोडा, यादीप्रमाणे रचा. आदल्या रात्री करा, सकाळी नको. सकाळी रिक्षा उभी असते आणि मग जे माझ्या हातून झालं तेच होतं.

दारावर नियम एकच: माणूस हो म्हणाल्यावरच वरचा फॉर्म उलटायचा, आणि वरचाच. नकार मिळाला तर फॉर्म शिल्लक राहतो. अर्ध्यात मुलाखत तुटली तर तो फॉर्म वापरला गेला, कारण लिहून ठेवा, दुसऱ्याला देऊ नका.

पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना बसवून मोजा. प्रत्येक मुलामागे अ किती, ब किती? प्रत्येक वस्तीत किती? कुणाकडे १८ अ आणि ३ ब आले असतील तर तो वरचा फॉर्म सोडून खालचा घेतो आहे, दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर जा. हे मोजायला दहा मिनिटं लागतात. मी ती दिली असती तर डिसेंबरचे तीन दिवस वाचले असते.

डेटा भरताना सापळा एकच. अ मध्ये राहणीचा प्रश्न क्रमांक १ आहे, ब मध्ये २. रकान्यांना प्र. १, प्र. २ अशी नावं दिलीत तर ब चं पाणी राहणीत जाईल आणि छान मोठा, पूर्ण खोटा फरक दिसेल. रकान्यांची नावं "राहणी" आणि "पाणी" ठेवा. आवृत्ती, अनुक्रमांक, विचारणारा, वस्ती यांचे वेगळे रकाने.

मग वय आणि स्त्री-पुरुष प्रमाण दोन्ही निम्म्यांत साधारण सारखं आहे का ते पाहा, दोन टक्केवाऱ्या, फरक, चूकमर्यादा, दोन सहसंबंध. मुख्य आकडा कोणता ते आधीच कागदावर लिहिलेलं असावं. आमची घरं काही पूर्ण नाशिकचा नमुना नाहीत, त्यामुळे "शहरातले इतके टक्के समाधानी" असं लिहायचं नाही. अ आणि ब ची तुलना तेवढी चालते, आणि तीही गठ्ठा मिसळला असेल तरच.

शनिवारी रात्री माझ्या घरी या, फॉर्म रचायचे आहेत.