पार्श्वभूमी काढली, तरी फोटोभोवती पांढरा चौकोन का दिसतो? या चुका टाळा

वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी फोटो तयार करताना हमखास घडणारा प्रकार असा, की संगणकावर माणसामागची भिंत व्यवस्थित काढलेली असते, परंतु तोच फोटो निळ्या फ्लेक्सवर ठेवला की त्याच्याभोवती पांढरा चौकोन उमटतो. अशा वेळी दोष सहसा भिंत काढण्यात नसतो, तर फाइल कोणत्या स्वरूपात जतन केली यात असतो. साध्या फोटोतील प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा आणि निळा या रंगांच्या तीन संख्या साठवलेल्या असतात. पारदर्शकता हा चौथा रंग नसून ती चौथी संख्या आहे. तिला अल्फा म्हणतात आणि नेहमीच्या ८ बिटच्या चित्रात ती ० ते २५५ या दरम्यान असते. ० म्हणजे पिक्सेल अजिबात दिसू नये, २५५ म्हणजे पूर्ण दिसावा आणि १२८ म्हणजे त्याच्यामागचे सुमारे निम्मे दिसावे. ही चौथी संख्या वाटेत कुठे गळते, ते शोधले की बहुतेक अडचणी सुटतात.

लेयरला अल्फा चॅनेल नसताना डिलीट दाबणे

कॅमेऱ्यातून आलेल्या जेपीजी फोटोत चौथ्या संख्येला जागाच नसते. तो गिम्प २.१० या फोटो संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून, भिंत निवडून डिलीट दाबली, तर भिंतीच्या जागी पारदर्शकता येत नाही; टूलबॉक्समधील पार्श्वभूमीचा जो रंग असेल, बहुधा पांढरा, तो तेथे भरला जातो. भिंतही पांढरी असेल, तर काही बिघडल्याचे लक्षातही येत नाही. चित्राचे थर म्हणजे लेयर दाखवणाऱ्या Layers पटलात लेयरचे नाव ठळक अक्षरांत दिसत असेल, तर त्या लेयरला अल्फा चॅनेल, म्हणजे चौथी संख्या ठेवण्याची जागा, नाही असे समजावे. भिंत काढण्यापूर्वी `Layer > Transparency > Add Alpha Channel` ही आज्ञा दिली की नाव साध्या अक्षरांत येते आणि त्यानंतर डिलीट केलेल्या जागी राखाडी चौकड्या दिसू लागतात. फोटोशॉपमध्ये हीच अडचण कुलूपबंद `Background` लेयरमुळे येते. त्यावर दोनदा क्लिक करून त्याचे साध्या लेयरमध्ये रूपांतर करून घ्यावे.

या चौकड्या चित्राचा भाग नसतात. येथे काही नाही, एवढे सांगण्यासाठी प्रोग्रॅम त्या मागे काढून दाखवतो. इंटरनेटवरून उतरवलेल्या कित्येक तथाकथित पारदर्शक चित्रांत मात्र त्याच चौकड्या रंग म्हणून पक्क्या बसलेल्या असतात. चित्र उघडून मोठे करून पाहावे: चित्रासोबत चौकड्याही मोठ्या होत असतील, तर त्या खोट्या आहेत, कारण गिम्पमधील खऱ्या चौकड्यांचा आकार पडद्यावर तसाच राहतो.

पारदर्शक फोटो जेपीजीमध्ये जतन करणे

सर्वांत जास्त नुकसान येथेच होते. जेपीजीचे मानक १९९२ चे आहे आणि ते छायाचित्रे कमी जागेत साठवण्यासाठी तयार केलेले आहे. नेहमीच्या जेपीजी फाइलमध्ये अल्फा राहतच नाही. त्यामुळे जतन करताना प्रोग्रॅमला पारदर्शक जागी काहीतरी रंग भरावाच लागतो. गिम्प त्या वेळी निवडलेला पार्श्वभूमीचा रंग भरतो, तर फोटोशॉप सहसा पांढरा. काही साधे प्रोग्रॅम मात्र रंग न भरता चौथी संख्या नुसती टाकून देतात आणि उरलेल्या तीन जशाच्या तशा लिहितात. पारदर्शक पिक्सेलमध्ये त्या तिन्ही संख्या शून्य असतील, तर मागे काळे ठिक्कर दिसते. जुन्या भिंतीचे रंग तेथे शिल्लक असतील, तर काढलेली भिंतच परत येते! अल्फा शून्य केल्याने पिक्सेल लपतो, पण त्याचा रंग पुसला जाईलच असे नाही.

अशा जेपीजीला पुन्हा पीएनजीत, म्हणजे अल्फा ठेवणाऱ्या स्वरूपात, रूपांतरित करून काही मिळत नाही, कारण चौथी संख्या आधीच गेलेली असते. नावातील `.jpg` खोडून `.png` लिहिणे तर त्याहून निरर्थक. त्याने आतील मजकूर तसूभरही बदलत नाही. शंका असल्यास आणि संगणकावर इमेजमॅजिक हा लेखी आज्ञांवर चालणारा चित्रांचा प्रोग्रॅम असल्यास टर्मिनलमध्ये पुढील आज्ञा देऊन पाहावे:

```
magick identify -format "%m %[opaque]" photo.png
```

पहिला शब्द फाइलचे खरे स्वरूप सांगतो. दुसरा `true` आला, तर चित्रात कोठेही पारदर्शकता नाही. `false` आला, तर आहे.

जीआयएफ चालेल असे मानणे

१९८९ च्या आवृत्तीपासून जीआयएफमध्ये पारदर्शकता आहे, पण ती आहे किंवा नाही एवढ्याच स्वरूपाची. रंगतक्त्यातील एक रंग पारदर्शक ठरवला जातो; अर्धवट पारदर्शक असे काही त्यात नसते. त्यात रंगही २५६ पर्यंतच असल्याने माणसाच्या फोटोला हे स्वरूप शोभत नाही, आणि केसांची कड तर कात्रीने ओबडधोबड कापल्यासारखी दिसते.

फोटोसाठी भरवशाचे स्वरूप पीएनजी आहे. ते अल्फाच्या सर्व पायऱ्या ठेवते आणि पुन्हापुन्हा जतन केले तरी दर्जा उतरत नाही, मात्र फाइल मोठी होते. वेबसाइटवर आकाराची चिंता असेल, तर वेबपी घ्यावे. ते जेपीजीसारखे दाबूनही अल्फा सांभाळते. व्हॉट्सअ‍ॅपचे स्टिकर याच स्वरूपात असतात, म्हणून त्यांना चौकोन दिसत नाही. टिफमध्येही अल्फा राहू शकतो, पण तो वाचणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला समजेलच असे नाही. काम अर्धवट असेल, तर गिम्पची `.xcf` किंवा फोटोशॉपची `.psd` ठेवावी, म्हणजे लेयरही सुरक्षित राहतात. गिम्पमध्ये `Save` ने फक्त `.xcf` तयार होते; पीएनजीसाठी `File > Export As` वापरावे लागते.

पीएनजी योग्य असूनही कडेला पांढरी झालर

स्वरूप बरोबर असताना केसांभोवती फिकट रेघ उमटते, तेव्हा कारण वेगळे असते. काळ्या केसाची संख्या ४० आणि पांढऱ्या भिंतीची २४० असे धरले, तर दोघांच्या सीमेवरील पिक्सेलमध्ये अर्धे केस आणि अर्धी भिंत मिसळून १४० ही संख्या कॅमेऱ्यातच तयार झालेली असते. भिंत काढताना त्या पिक्सेलला निम्मा पारदर्शक केले, तरी त्याचा रंग १४० च राहतो. तो २० इतक्या गडद फ्लेक्सवर ठेवला की ८० दिसतो, जेथे खरे तर ३० दिसायला हवे होते. हाच फरक झालर म्हणून डोळ्यांत भरतो. यावर उपाय म्हणजे निवड एक-दोन पिक्सेल आत घेणे. भिंत एकाच रंगाची असेल, तर गिम्पमधील `Color to Alpha` कडेच्या पिक्सेलमधून तो रंग वजाही करते, मात्र ते फक्त कडेपुरते वापरावे, नाहीतर पांढरा शर्टही विरघळतो. तपासणी नेहमी गडद रंगावर करावी, कारण पांढऱ्या पडद्यावर ही झालर दिसतच नाही.

शेवटची गळती पाठवताना होते. पीएनजी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली की तिचे जेपीजी होते आणि छपाईवाल्याला पुन्हा चौकोनच मिळतो. ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. सगळा फ्लेक्स जुळवून झाल्यावर मात्र छपाईवाल्याने जेपीजी मागितली, तर खुशाल द्यावी, कारण तोपर्यंत प्रत्येक पिक्सेलमागे रंग आलेला असतो आणि पारदर्शक असे काही उरलेले नसते.