कासोट्याचा काठ सरळ कसा बसला

सोलापुरातील आमच्या बुटिकमध्ये मॉडेलला रेशमी नऊवारी नेसवली, तेव्हा उभी असताना सारे नीट दिसे. पण चार पावले टाकताच कासोट्याचा काठ आत वळे आणि डावा घोटा उघडा पडे. मी आधी निऱ्यांनाच दोष दिला. खरे कारण असे होते की, पाय जुळवून उभे असताना कासोटा ओढल्यामुळे मांडीवर कापडाला सैलपणाच उरला नव्हता. कमरेची गाठ तशीच ठेवून मी कासोटा सोडला, तिला पायांत वीतभर अंतर ठेवून किंचित वाकायला सांगितले, काठाच्या चार बोटे रुंद चुण्या काठ बाहेर ठेवून घातल्या आणि मागे मधोमध खोचल्या. मग तिला बसवून, उठवून पाहिले. काठ कण्याच्या रेषेत राहिला.