आत्याच्या अभंगाचा सूर जुळवताना

आत्याने भीमपलासातला अभंग मोबाइलवर रेकॉर्ड केला होता. गळा गोड, पण लांब धरलेला वरचा सा शेवटी उतरत होता. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० सेंट धरले, तर हा सा जवळजवळ ३५ सेंट खाली जात होता.

व्हिडिओतला आवाज वेगळा काढून मेलोडाइन या सूर दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला. आधी पेटी तपासली. ती नेहमीच्या ४४० हर्ट्झला नव्हे, ४४४ ला लागलेली होती. मेलोडाइनमधलं प्रमाण तसं बदललं नसतं, तर बरोबर लागलेले सूरही बेसूर दिसले असते.

सगळं एकदम आपोआप दुरुस्त करायचं बटण मी वापरलं नाही. ते कोमल निषादावरून षड्जाकडे जाणारी मींड पायऱ्यांसारखी तोडतं आणि आवाज यंत्राचा वाटतो. कानाला खटकले तेवढेच सूर निवडले. उतरणाऱ्या सा वर `Pitch Drift` चालवून त्याची शेपटी वर घेतली, पण तीही पूर्ण शून्यावर नाही, ८-१० सेंट कमीच ठेवली. गळ्याच्या कंपाला हात लावला नाही.

खरी अडचण पेटीची. ती त्याच माइकमध्ये आल्यामुळे गळा हलवला की तीही हलते. २५-३० सेंटपर्यंत खपून गेलं. एक तार गंधार मात्र फारच खाली होता. तो सरकवताच पेटी डगमगली, म्हणून ध्रुवपदाच्या दुसऱ्या आवर्तनातला तोच शब्द पेटीसकट तिथे बसवला. ओठ किंचित पुढेमागे होतात, पण सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. लांबी बदलली नाही, त्यामुळे आवाज व्हिडिओवर नेमका बसला.