बोर्डाची स्लाइड तपासताना आधी क्रियापद शोधा

संचालक मंडळासमोर जाणाऱ्या स्लाइड पहिल्यांदा तपासायला मिळाल्या की नजर आपोआप ऱ्हस्व-दीर्घाकडे जाते. ते बघायचेच, पण माझ्या अनुभवात खरा घोळ तुटक वाक्यांत असतो. स्लाइडवर तुटक वाक्य चालते, उलट पूर्ण वाक्यांनी ती भरून जाते. मात्र वाक्य तोडताना बहुधा क्रियापदच गळते आणि त्याच्याबरोबर काळही जातो.

एका तिमाही आढाव्यात हे तीन मुद्दे एकाखाली एक होते:

• वाहतूक खर्चात ८ टक्के घट
• नवीन गोदाम सुरू झाले.
• तक्रारींचे प्रमाण कमी करणे

एक नामावर संपतो, एक पूर्ण वाक्य आहे, तिसरा ‘करणे’वर थांबतो. पूर्णविराम एकालाच. नवखा माणूस तिन्हींना एका साच्यात बसवून पुढे जाईल, पण तसे करू नका. ‘घट’ झाली की होणार आहे? मी संबंधित विभागाला विचारले, तर ती पुढच्या तिमाहीची अपेक्षा निघाली. गोदाम खरोखर सुरू झाले होते आणि तक्रारींचे ते उद्दिष्ट होते. म्हणजे झालेली गोष्ट एकच, पण वाचणाऱ्याला तीन वाटल्या असत्या. म्हणून ‘या तिमाहीत पूर्ण’ आणि ‘पुढील तिमाहीचे उद्दिष्ट’ अशी दोन उपशीर्षके केली. मग मुद्दे तुटक ठेवले तरी अर्थ ढळत नाही. पूर्णविराम सगळ्यांचे काढले. अर्थाला हात लागतो तिथे स्वतः दुरुस्ती न करता टिप्पणी टाकून विचारावे, हे मी कटाक्षाने पाळते.

तक्त्यांकडे मी नंतर वळते, कारण तिथे शीर्षक, आकडा आणि अक्ष तिन्ही ताडून बघावे लागतात. त्याच आढाव्यातल्या एका स्तंभालेखाचे शीर्षक होते, ‘नफ्याचे प्रमाण ३ टक्क्यांनी वाढले’. स्तंभांवर १२ आणि १५ लिहिलेले. १२ टक्क्यांचे १५ टक्के झाले, तर फरक ३ पर्सेंटेज पॉइंटचा. मूळच्या तुलनेत वाढ २५ टक्के. कुणालाही दोन अर्थ लागू नयेत म्हणून सरळ ‘१२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर’ असे सुचवले. शिवाय उभा अक्ष १० पासून सुरू होत होता, त्यामुळे दुसरा स्तंभ पहिल्याच्या अडीचपट उंच दिसत होता. स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच हवा. एकक लिहिले आहे का आणि शेजारच्या स्लाइडवर लाख तर इथे कोटी असे झालेले नाही ना, हेही बघा.

आकडे शेवटच्या संध्याकाळपर्यंत बदलत राहतात. एक्सेलशी जोडलेला तक्ता अद्ययावत करता येतो, पण त्यावरचे हाताने टाइप केलेले शीर्षक जुनेच राहते. म्हणून अंतिम आकडे आल्यावर बाकी काही न वाचता फक्त शीर्षके आणि त्यांखालचे तक्ते पुन्हा एकदा ताडून घ्या.